साडीच्या फॉलचा दर कसा ठरवायचा

नमस्कार मैत्रिणींनो. मुलं शाळेत रुळली की दुपारचे दोन-तीन तास हाताशी येतात आणि मग मनात येतं, घरबसल्या चार पैसे मिळवावेत. मी साडीला फॉल लावण्यापासून सुरुवात केली. आज त्या एकाच कामाबद्दल बोलते, कारण ते मी रोज करते.

पहिल्या साडीला शेजारच्या काकूंनी विचारलं, "किती द्यायचे गं?" मी म्हणाले, "द्या तुम्हाला वाटतील ते." त्यांनी पन्नास रुपये दिले. त्यातले तीस तर फॉलचेच होते! त्यात काकूंची काही चूक नव्हती, दर मीच सांगितला नव्हता. आणि एकदा पन्नास घेतले की पुढच्या खेपेला दीडशे म्हणताना जीभ रेटत नाही.

मग मी घड्याळ लावून बसले. फॉल पाण्यातून काढून वाळवणं, इस्त्री, धावदोरा, हातशिलाई, शेवटची घडी असं सगळं धरून दीड तास लागला. पिकोचं मशीन माझ्याकडे नव्हतं. ते लगेच घेऊही नका, काठाचा पिको बाहेरून करून आणता येतो. त्या फेरीत अर्धा तास गेला. म्हणजे झाले दोन तास. माझ्या तासाचे मी साठ रुपये धरले, त्याचे एकशेवीस. फॉल तीस, दोरा आणि विजेचे दहा, पिकोवाल्याचे वीस. एकूण एकशेऐंशी. आमच्या भागात मात्र हातशिलाईच्या फॉल-पिकोला दीडशेच मिळत होते.

इथे पुष्कळ जणी आपल्या तासाची किंमत कमी करून टाकतात. मी फेरी कमी केली. चार साड्या जमल्याशिवाय पिकोवाल्याकडे जायचं नाही. फेरीचा अर्धा तास चौघींत वाटला गेला आणि दीडशेत माझे तासाचे साठ जवळजवळ सुटले. ज्यांना घाई नाही त्यांना मी "आठ दिवसांनी न्या" असं सांगते. ज्यांना उद्याच हवी, त्यांच्याकडून फेरीचे तीस वेगळे घेते, आणि ते साडी हातात घेण्याआधी सांगते. तुमच्या गावात आकडे वेगळे असतील, पण घड्याळ लावून एक साडी नक्की करून बघा.

फॉल पाण्यातून काढण्यात दहा मिनिटं वाचवू नका. सुती फॉल कोरा लावला तर पहिल्याच धुण्यात आटतो, साडी मात्र तेवढी आटत नाही आणि खालचा काठ चुणतो. मग ती बाई परत येत नाही, आणि का आली नाही तेही सांगत नाही.

आता गिऱ्हाईक. पहिली तीन कामं बिल्डिंगमधून आली, पण कामाचा ओघ सुरू झाला तो ब्लाउज शिवणाऱ्या ताईंमुळे. त्यांच्याकडे बायका साडी घेऊनच येतात आणि फॉलचंही विचारतात. त्यांना त्यासाठी वेळ नसतो. मी माझी एक साडी घेऊन गेले, आतली शिलाई उलटून दाखवली. वरून टाका दिसत नव्हता. त्यांनी दोन साड्या दिल्या. त्यांना मी साडीमागे वीस रुपये सोडते, कारण गिऱ्हाईक शोधायचा माझा वेळ त्या वाचवतात. साडीच्या दुकानदारांनीही विचारलं होतं. काम भरपूर होतं, पण त्यांच्या दरात तासाला तीससुद्धा सुटत नव्हते. मी नाही म्हटलं.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि साड्यांचा ढीग येतो. तेव्हा वही नसेल तर घोटाळा होतो. माझ्या हातून झाला होता. एक गंगाजमुना काठाची रेशमी साडी होती, एक काठ हिरवा, एक लाल. मी न विचारता लाल काठाला फॉल लावला. जिची साडी होती त्या बाईंना हिरवा खाली हवा होता. सगळं उसवलं, पण रेशमावर सुईची भोकं राहिली. मी त्यांच्याकडून एक पैसाही घेतला नाही, तरी ती साडी अजून डोळ्यांसमोर येते.

तेव्हापासून साडी घेताना मी ती समोर उलगडते. खाली कुठला काठ, सुलट बाजू कुठली, ब्लाउजपीस कापायचा की ठेवायचा, हे विचारून वहीत लिहिते. पुढे दर आणि न्यायची तारीख. फॉलचे तीस रुपये तेव्हाच घेते. साडीला चिठ्ठी टाचते ती ब्लाउजपीसच्या टोकाला, पिन काठात कधीच नाही. ब्लाउजपीस कापलेला असेल तर पिशवीवर.