हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : मालक, मॅनेजर आणि साडेआठ वाजता आलेलं गिऱ्हाईक

नमस्कार मंडळी.

आषाढातली संध्याकाळ आहे. कऱ्हाडात साड्यांचं एक दुकान. बाहेर धो धो पाऊस, वेळ रात्रीचे साडेआठ. नऊला शटर ओढायचं. गाद्या आवरून झाल्यात, शेवटच्या साड्यांच्या घड्या घालून झाल्यात. तेवढ्यात छत्री झटकत एक बाई दारात येतात आणि विचारतात, "काठपदरात काही नवीन आलंय का हो? जरा दाखवा ना."

दाखवायच्या म्हणजे पंचवीस-तीस साड्या खाली येणार. उलगडणार. परत घड्या घालायच्या. साडेनऊ वाजणार, शेवटची एसटी चुकणार. मॅनेजर म्हणतो, "नवीन माल सोमवारी येतोय ताई, सोमवारी या."

बाई गेल्या. चार हजारांची एक साडी गेली. त्यात दुकानाला सुटले असते बाराशे रुपये.

आता मला सांगा, मॅनेजरनं चोरी केली का? नाही. गल्ल्याला हात लावला का? नाही. पण मालकाचे बाराशे गेले, आणि मालकाला ते कधीच कळणार नाही. आजचा विषय हाच. अर्थशास्त्रात याला प्रिन्सिपल-एजंट प्रॉब्लेम म्हणतात. यातला प्रिन्सिपल म्हणजे शाळेतला नव्हे. ज्याचं काम आहे तो प्रिन्सिपल, म्हणजे इथे शेठ. त्याच्या वतीनं जो ते करतो तो एजंट, म्हणजे मॅनेजर.

दुकान मी मनानं रचलंय, आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून धरलेत. शेठचं मूळ दुकान सांगलीत, तिथे ते स्वतः बसतात. कऱ्हाडला दुसरी शाखा काढली, तिथे मॅनेजर ठेवला. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो, म्हणून शेठ आठवड्यातून एकदाच जातात. शाखेची महिन्याची विक्री १० लाख. मालाची खरेदी ७ लाखांची, म्हणजे वर सुटतात ३ लाख. भाडं, वीज, पोरांचे पगार आणि मॅनेजरचे ३५ हजार मिळून २ लाख खर्च. शेठच्या हातात उरतो १ लाख.

महिनाअखेर शेठ वही बघतात. विक्री घटली. फोन लावतात. मॅनेजर म्हणतो, "शेठ, पाऊस लय झाला. गिऱ्हाईकच न्हाई." आणि हे खोटंही नाही. पाऊस होताच. पण त्या घटीतली किती पावसामुळे आणि किती "सोमवारी या"मुळे, हे वहीत लिहिलेलं नसतं. शेठला विक्री दिसते, मेहनत दिसत नाही. आणि विक्री दोन्हींमुळे हलते, मेहनतीमुळे आणि नशिबामुळे. सगळं त्रांगडं इथे आहे. विक्रीवरून मेहनत नेमकी ओळखता आली असती, तर हा प्रॉब्लेमच उरला नसता.

बरं, फक्त मॅनेजरवर डोळे वटारू नका. त्याच्या बाजूनं हिशेब करा. बाई आत आल्या असत्या तर शेठला बाराशे, त्याला शून्य. पगार ३५ हजार ठरलेला. त्याला मिळणार फक्त उशीर.

मग शेठ तेच करतात जे शंभरातले नव्वद मालक करतात. विक्रीवर कमिशन. पगार १५ हजार, वर विक्रीच्या २ टक्के. १० लाख विक्री झाली की २० हजार, म्हणजे एकूण तेच ३५ हजार.

पुढच्या महिन्यात बाई परत येतात, आणि यावेळी मॅनेजर खुर्चीवरून उठून पुढे येतो. "या ताई, बसा. चहा सांगू?" साडी चार हजारांची. बाई म्हणतात, कमी करा. मॅनेजर म्हणतो, "तुमच्यासाठी पंधरा टक्के सोडतो." साडी ३,४०० ला जाते.

इथे जरा थांबून दोघांचे खिसे बघू. पूर्ण भावात साडी गेली असती तर मॅनेजरला ८० रुपये मिळाले असते, आता ६८ मिळाले. त्यानं सोडले १२ रुपये. शेठला १,२०० सुटायचे ते आता ६०० सुटले. मॅनेजर १२ रुपयांवर पाणी सोडून शेठचे ६०० वाटतोय. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

[स्क्रीनवर: महिन्याचा हिशेब]

आता हेच महिनाभर चाललं असं धरा. सूट मिळते म्हटल्यावर गर्दी वाढली. आधी छापील किमतीनं १० लाखांचा माल जायचा, आता १३ लाखांचा गेला. १५ टक्के सूट वजा करून गल्ल्यात आले ११ लाख ५ हजार. शेठ खूश, विक्री लाखाच्या वर वाढली! पण १३ लाखांच्या मालाची खरेदी आहे ९ लाख १० हजार. सुटले १ लाख ९५ हजार, जिथे आधी ३ लाख सुटायचे. खर्च २ लाखांच्या थोडा वरच. म्हणजे शाखा सात हजारांनी तोट्यात. मॅनेजरचं कमिशन वाढलं फक्त २,१०० रुपयांनी, आणि तेवढ्यासाठी शेठचा लाखभराचा नफा पुसला गेला.

हे ओळखायची खूण सोपी आहे. विक्री वर आणि गल्ल्यात सुटणारे पैसे खाली, असं दिसलं की सूट द्यायचा अधिकार कुणाच्या हातात आहे ते आधी बघायचं. म्हणून तर कित्येक जुने व्यापारी टॅगच्या कोपऱ्यात खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहितात. किती खाली जायचं हे घरच्यांनाच कळावं.

शेठ शहाणे होतात. म्हणतात, विक्रीवर नाही, सुटणाऱ्या पैशावर टक्का. १४ हजार पगार, वर सुटलेल्या रकमेच्या ७ टक्के. ३ लाखांचे २१ हजार, परत तेच ३५. आता उगाच सूट दिली तर मॅनेजरचाच खिसा कापला जातो. सूट बंद.

मग झालं का काम? साडेआठच्या बाईंकडे परत या. त्या साडीत शेठचे १,२००, मॅनेजरचे ८४. तासभर घड्या घालायच्या, एसटी चुकवायची, रिक्षाला पैसे घालायचे, ते ८४ रुपयांसाठी. एखाद दिवशी तो थांबेल. रोज नाही थांबणार. बाराशेची साडी तो ८४ रुपयांच्या नजरेनं बघतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मग बाराशेच्या नजरेनं कधी बघेल? सगळे बाराशे त्याचे असतील तेव्हा. याचा करार आपल्या गावाकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. शेती कसायला देण्याच्या तीन रीती आठवा. एक सालगडी, गुढीपाडव्याला साल ठरतं, पीक येवो न येवो त्याचा मोबदला ठरलेला. दुसरी बटई किंवा अर्धेली, जे पिकेल त्यात वाटा. तिसरी खंड, मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, बाकी सगळं कसणाऱ्याचं. आपला मॅनेजर आधी सालगडी होता, मग बटईदार झाला. उरला खंड. शेठनं म्हणावं, मला महिन्याला १ लाख दे, उरेल ते तुझं.

मग तो साडेआठला काय, दहालासुद्धा साड्या उलगडेल. पण आषाढ येऊ दे. विक्री निम्मी, ५ लाख. सुटले दीड लाख. मॅनेजरचा पगार सोडून दुकानाचा खर्च १ लाख ६५ हजार. पंधरा हजार इथेच कमी, वर शेठचे १ लाख द्यायचे. १ लाख १५ हजारांचा खड्डा, आणि घरी बँकेचा हप्ता. हे ओझं शेठ पेलू शकतात, त्यांचं दुसरं दुकान आहे, गाठीला पैसा आहे. मॅनेजरच्या गाठीला असता तर तो दुसऱ्याच्या दुकानात कशाला बसला असता?

म्हणजे पेच असा आहे. मॅनेजरला जीव तोडून काम करायला लावायचं तर नशिबाचा भार त्याच्यावर टाकावा लागतो. भार शेठनं घेतला तर मॅनेजरचा जीव कामात राहत नाही. दोन्ही एकदम नाही मिळत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७४ मध्ये बटईच्या शेतीवर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच. बटई टिकून राहिली कारण ती मधली वाट आहे, थोडा जोर, थोडा आधार.

खंडाला आणखी एक खोट आहे. शेतकऱ्यांना विचारा, खंडाचं शेवटचं वर्ष असलं की शेणखत कोण घालतं? कुणीच नाही. खत आपलं आणि पीक पुढच्याचं. दुकानातही तेच. पाटी शेठच्या नावाची, मग हलका माल भारी म्हणून खपवायला मॅनेजरचं काय जातंय? रंग गेलेली साडी घेऊन बाई येतील तेव्हा तो दुसरीकडे असेल.

आता यातून काही सुटका? एक आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण तिला जवळजवळ पैसा लागत नाही. फिनलंडचे बेंग्ट होल्मस्ट्रॉम, ज्यांना २०१६ चं अर्थशास्त्राचं नोबेल ऑलिव्हर हार्ट यांच्याबरोबर मिळालं, त्यांनी १९७९ मध्ये मांडलेला मुद्दा साध्या भाषेत असा : मेहनतीबद्दल ज्या कशानं थोडीही जास्त माहिती मिळते, ते करारात धरा. शेठकडे अशी माहिती घरातच आहे. सांगलीचं दुकान! पाऊस दोन्हीकडे पडला, पितृपंधरवडा दोन्हीकडे आला. सांगलीची विक्री ३० टक्के घटली आणि कऱ्हाडची ३२, तर मॅनेजर खरं बोलतोय, त्याचा पैसा कापू नका. सांगली ३० आणि कऱ्हाड ५०, तर मात्र बसून बोलायला हवं. अर्थात कऱ्हाडात त्याच महिन्यात समोर नवं दुकान निघालं असेल तर ही मोजपट्टीही चुकते, तेवढं डोळ्यांनी जाऊन बघावं लागतं.

आणि पाळतीचं म्हणाल तर तीही जुनीच. अमेरिकेत डेटन गावी जेम्स रिटी नावाचा दारूच्या गुत्त्याचा मालक होता. नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालायचे. बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघून त्याला कल्पना सुचली आणि १८७९ मध्ये त्यानं कॅश रजिस्टरचं पेटंट घेतलं. पण नीट बघा, ते यंत्र पैसे मोजतं. साडेआठला दारातून परत गेलेल्या बाईंना मोजत नाही. आज आपण कॅमेरा लावतो, तोही मॅनेजर खुर्चीत बसलाय एवढं दाखवतो. "सोमवारी या" हे शब्द त्यात दिसत नाहीत.

मग आमच्या शेठनं शेवटी काय ठरवलं? पगार २१ हजार, सुटणाऱ्या रकमेच्या ५ टक्के, सूट पाच टक्क्यांपर्यंत मॅनेजरच्या हातात आणि त्यावर शेठला फोन, आषाढाचा हिशेब सांगलीशी ताडून. नेहमीच्या महिन्यात ३६ हजार पडतात, पूर्वीपेक्षा हजार जास्त. आणि एक अट मॅनेजरनंच घालून घेतली : रात्री आठनंतर झालेल्या विक्रीला रिक्षाचं भाडं दुकानाचं.

आता मॅनेजर साडेआठला बाईंना आत बोलावतो, आणि काउंटरवरच्या पोराला सांगतो, "वरचा काठपदराचा गठ्ठा काढ रे." पोरगं घड्याळाकडे बघतं आणि म्हणतं, "दादा, तो गठ्ठा गोदामात गेलाय ना?"

भेटू पुढच्या व्हिडिओत.