नव्या नोकरीतला पहिला मेल

नमस्कार श्रोतेहो.

निकाल लागले की लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची पोरं-पोरी पदविका नाहीतर पदवी घेऊन वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत रुजू व्हायला लागतात. कागदपत्रं जमा होतात, ओळखपत्र गळ्यात पडतं, सेफ्टीचं ट्रेनिंग होतं. मग एचआरमधलं कुणीतरी जाता जाता सांगतं, "तेवढा सगळ्यांना एक परिचयाचा मेल टाकून द्या." एचआरमध्येच माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे असे मेल मी ढिगानं वाचलेत. बहुतेकांचं दुखणं एकच. ते नोकरी मागायच्या अर्जासारखे लिहिलेले असतात. अहो, नोकरी तर लागलेली असते!

एक उदाहरण घेऊ. लातूरकडची एक मुलगी, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागली. तिचा पहिला मसुदा साधारण असा: "आदरणीय सर व मॅडम, सविनय नमस्कार. मी मूळची लातूर जिल्ह्यातली. दहावीला मला इतके टक्के, डिप्लोमाला इतके. वडील शेती करतात. मी मेहनती व प्रामाणिक असून मला वाचनाची व प्रवासाची आवड आहे. संधी दिल्याबद्दल मी कंपनीची ऋणी आहे."

यात खोटं काही नाही. पण हा मेल स्टोअरमध्ये बसलेला माणूस वाचतोय असं समजा. त्याच्या दारात कास्टिंगची गाडी उभी आहे. माल मोजून उतरवला, पावती केली, पण क्वालिटीनं तपासून हिरवा टॅग लावल्याशिवाय तो लाइनवर देता येत नाही. आधी हे काम बघणारे साहेब दुसऱ्या विभागात गेले. आता तपासणीला कुणाला बोलवायचं, हा त्याचा प्रश्न आहे. या मेलमध्ये त्याला दहावीचे टक्के मिळाले, उत्तर मिळालं नाही. पर्चेसवाल्याचंही तेच. माल नापास झाला तर पुरवठादाराला कळवायला त्याला क्वालिटीतल्या माणसाचं नाव लागतं.

टीमला तुमच्याबद्दल जे कळायला हवं ते एवढंच असतं: तुम्ही कोण, कुठल्या कामासाठी आलात, ते काम आधी कोण बघत होतं, आणि तुम्ही सापडणार कुठं. त्या मुलीनं मेल पुन्हा लिहिला. बऱ्याच कंपन्यांत असे मेल इंग्रजीत जातात, पण मजकूर मराठीत वाचून दाखवतो.

विषयाच्या ओळीत तिनं लिहिलं: "परिचय, क्वालिटी विभाग, येणाऱ्या मालाची तपासणी." आणि खाली: "नमस्कार. मी सोमवारपासून क्वालिटी विभागात ज्युनियर इंजिनिअर म्हणून रुजू झाले आहे. बाहेरून येणाऱ्या कास्टिंगची तपासणी मी शिकून घेत आहे, आणि पुढच्या सोमवारपासून जनरल शिफ्टमध्ये ती मी बघेन. तोपर्यंत नेहमीप्रमाणे आधीच्या साहेबांशीच संपर्क ठेवावा. माझं टेबल स्टोअरच्या शेजारच्या तपासणी खोलीत आहे. याआधी एका मशीन शॉपमध्ये मी वर्षभर मोजमापाचं काम केलं आहे. या आठवड्यात प्रत्येक विभागात येऊन भेटेन." खाली नाव, पद आणि एक्स्टेन्शन नंबर. वाचायला मिनिटही लागत नाही.

यातली "तोपर्यंत नेहमीप्रमाणे" ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. नव्या माणसाचा मेल गेला की लोक त्याच दिवसापासून कागद त्याच्या टेबलावर आणून टाकतात. त्याला अजून सिस्टीमचा लॉगिन मिळालेला नसतो, टॅगवर सही करायचा अधिकार मिळालेला नसतो, आणि माल अडकतो. म्हणून तारीख घालायची. ती आपल्या मनानं घालायची नाही, मॅनेजरला विचारून घालायची. मसुदा आधी मॅनेजरला दाखवायचा आणि नेमकं एवढंच विचारायचं: "काम आणि तारीख बरोबर आहे का? आधीच्या साहेबांचा उल्लेख केला तर चालेल का?" कारण आधीचा माणूस कसा गेला, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. राजीनामा, बदली, भांडण, काहीही असेल. मॅनेजर नको म्हणाले तर ते वाक्य गाळून टाकायचं.

गावाचं नाव घातलं तर हरकत नाही. आपल्याकडं "कुठले तुम्ही?" हा प्रश्न येणारच, आणि त्यातून ओळख पटकन होते. घरच्यांची माहिती, पगार, जुन्या कंपनीची गाऱ्हाणी मात्र नकोत. जुन्या कंपनीच्या ग्राहकांची नावं आणि तिथली आतली माहितीही नको. स्वतःचा मोबाइल नंबर शेकडो लोकांना द्यायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्या मुलीनं फक्त एक्स्टेन्शन दिला, मला ते पटलं.

मॅनेजरला वेगळा मेल जातो, तो फक्त त्यांनाच. मॅनेजर पुण्याच्या ऑफिसात बसत असतील तर तो फारच गरजेचा. त्यात परिचय कमी आणि प्रश्न जास्त: "पहिल्या महिन्यात माझ्याकडून आधी कुठलं काम पूर्ण व्हायला हवं? रोजचा आढावा मेलवर पाठवू, की सकाळच्या मीटिंगमध्ये सांगू? माझा लॉगिन अजून आलेला नाही, त्यासाठी कुणाशी बोलू? या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळतील का?" हे प्रश्न सगळ्या टीमसमोर मांडले तर लॉगिनची साधी चौकशीसुद्धा आयटीवाल्यांची तक्रार वाटते.

आता पाठवण्याबद्दल. घरच्या मेल आयडीवरून पाठवू नका. कित्येक कंपन्यांत बाहेरचा मेल स्पॅममध्ये जातो किंवा त्यावर "बाहेरून आलेला" असा शिक्का बसतो. ऑफिसचा आयडी मिळेपर्यंत थांबा. सगळ्यांचा एकच ग्रुप आयडी असतो, पण त्यावर मेल टाकायची परवानगी काही ठिकाणी ठरावीक लोकांनाच असते. मग आपला मेल "पोहोचला नाही" म्हणून परत येतो. घाबरायचं कारण नाही, एचआरला किंवा मॅनेजरला तो पुढं पाठवायला सांगायचं. खरं म्हणजे मॅनेजरनंच दोन ओळी लिहून पाठवला तर उत्तम, सही कुणाची चालणार हे सगळ्यांना आपोआप समजतं. सुपरवायझर मंडळी मेल फोनवर बघतात आणि उघडण्याआधी त्यांना विषय आणि पहिली ओळ तेवढी दिसते. म्हणून पद आणि काम पहिल्या दोन वाक्यांतच आलं पाहिजे.

मग "वेलकम, वेलकम" अशी उत्तरं येतात. प्रत्येकाला "रिप्लाय ऑल" करून धन्यवाद दिले की सगळ्या प्लँटचे फोन दिवसभर वाजत राहतात. नुसत्या शुभेच्छा देणाऱ्याला भेटल्यावर हसून धन्यवाद म्हटलं तरी चालतं. पण एखाद्यानं उत्तरात काम विचारलं असेल, समजा पर्चेसवाल्यानं लिहिलं की "गेल्या आठवड्यातला अडकलेला माल कधी बघता?", तर त्याला एकट्याला, त्याच दिवशी उत्तर द्या. माहीत नसेल तर "विचारून उद्या दुपारपर्यंत सांगते" एवढं लिहा आणि मॅनेजरच्या कानावर घाला.

राहिले मशीनवरचे ऑपरेटर, माल उतरवणारे, दुसऱ्या पाळीचे लोक. यांतल्या बऱ्याच जणांना कंपनीचा मेल आयडीच नसतो. त्यांच्यापर्यंत हा मेल पोहोचतच नाही, आणि कास्टिंगला तडा गेलेला सगळ्यात आधी दिसतो तो यांनाच. तेव्हा पाळी बदलताना लाइनवर जा आणि सांगा, "मी अमुक, क्वालिटीला नवीन आले. खराब जॉब दिसला की मला हाक मारा, मी त्या खोलीत बसते."

नमस्कार.