दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत

आपल्याकडे नाशिकला गोदावरीला पूर आला की कोणी सेंटिमीटर विचारत नाही. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढंच विचारतात. रॉ फोटोतल्या, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोतल्या, एक्सपोजरचंही मला तसंच वाटतं. पाणी जितकं वर चढेल तितकं बरं, पण डोकं बुडता कामा नये. हिस्टोग्राम म्हणजे डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा फोटोतल्या उजेडाचा आलेख. तो उजवीकडे ढकलायचा, पण उजव्या काठावर आपटू द्यायचा नाही. ‘एक्सपोज टू द राइट’ म्हणतात ते हेच.

मागच्या पावसाळ्यात ढगाळ सकाळी मी ट्रायपॉड घेऊन घाटावर गेलो होतो. फ्रेममध्ये ओल्या काळ्या पायऱ्या आणि शेंदरी मारुती, आभाळ मुद्दाम वगळलेलं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८. मीटर म्हणाला १/६०. त्या फोटोचा हिस्टोग्राम मधेच संपत होता, उजवीकडचा भाग रिकामा. मग १/२० ने घेतला. स्क्रीनवर तो फिक्कट, धुपल्यासारखा दिसला. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, “काका, पांढरा झाला की!” एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोजर दीड स्टॉपच्या थोडं पुढे खाली ओढलं आणि दगड पुन्हा काळा झाला. फरक पायऱ्यांच्या सांध्यांत होता. १/६० च्या फोटोत तिथे रंगीत दाणे होते, १/२० च्या फोटोत शेवाळाचा पोत.

हे का होतं? प्रकाश पावसासारखा थेंबाथेंबाने पडतो. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यात सहज दहाएकांचा चढउतार असतो, म्हणजे दहा टक्के. तिप्पट वेळ दिला की ३०० पडतात, चढउतार साधारण १७ चा. टक्केवारी सहाच्या आत येते. पूर्वी याचं कारण असं सांगायचे की सेन्सर नोंदवतो त्या उजेडाच्या निम्म्या पातळ्या सगळ्यात वरच्या स्टॉपमध्येच असतात. हिशेब बरोबर आहे, पण सावल्या स्वच्छ होतात त्या मुख्यतः जास्त प्रकाशामुळे. म्हणून आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेला तर सेन्सरवर एक थेंबही जास्त पडत नाही. काही कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक्सचा खरखराट थोडा कमी होतो, तेवढाच फायदा. बदल्यात वरची जागा गेली.

आता अडचणीची बाजू. कॅमेऱ्याच्या मागे दिसणारा हिस्टोग्राम रॉचा नसतो, त्यातून बनवलेल्या जेपीईजीचा असतो. दिवसाच्या उजेडात व्हाइट बॅलन्स करताना लाल चॅनेल बऱ्याच कॅमेऱ्यांत जवळजवळ दुपटीने वाढवला जातो. त्यामुळे स्क्रीनवर लाल भरल्यासारखा दिसतो, तरी रॉमध्ये जागा शिल्लक असते. अनुभवी माणूस त्या जागेवर विसंबतो. मीही विसंबायचो.

त्याच घाटावर संध्याकाळी द्रोण सोडत होते. झेंडूच्या फुलांमध्ये एकेक पणती. तिन्ही रंगांचा मिळून उजळपणा दाखवणारा पांढरा हिस्टोग्राम पाहिला, काठ मोकळा होता. सकाळच्या सवयीने आणखी एक स्टॉप वाढवला. घरी आल्यावर कळलं. एक्सपोजर खाली ओढलं तर फुलं गडद केशरी व्हायला हवी होती, ती पिवळी आणि सपाट झाली. पाकळीची कडच उरली नव्हती. पणतीच्या उजेडात लालच मुळात जास्त असतो, व्हाइट बॅलन्सला तो फारसा वाढवावा लागत नाही. त्यामुळे सकाळची राखीव जागा संध्याकाळी नव्हतीच. आणि पांढऱ्या हिस्टोग्राममध्ये हिरव्याचा वाटा मोठा असल्याने एकटा लाल भरला तरी तो दिसत नाही. रॉमध्ये लाल काठाला थांबला, हिरवा मात्र खरा राहिला. दोघांचं प्रमाण बिघडलं की केशरीचा पिवळा होतो. ओळख हीच: ओढून गडद केलं तरी ज्या जागेवर पोत परत येत नाही आणि रंग सरकतो, तिथलं पाणी डोक्यावरून गेलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावला. लाल काठाच्या अलीकडे थांबेपर्यंत सव्वा स्टॉप खाली आलो. ज्योत पांढरी गेली, तिला जाऊ दिलं. ज्योतीत, सूर्यात, ओल्या पितळेवरच्या चकाकीत पोत शोधायला कोणी जात नाही. पाकळी मात्र हवी होती. दोन एक्सपोजर जोडायचा विचार केला होता, पण द्रोण वाहतात. दुसऱ्या फ्रेमपर्यंत पणती हातभर पुढे गेलेली असते. शटर १/१२५ च्या खाली नेता येत नव्हतं, अ‍ॅपर्चर आधीच पूर्ण उघडं होतं. मग पायऱ्यांवर दाणे आले ते आलेच. छापताना तो भाग मी काळाच ठेवला.