‘बिल चुकलं’ या मेसेजचं तिकीट करताना

मंडळी, नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानातून बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीला जाणारा मेसेज बहुतेक असा असतो: “काऊन हो, छिंदवाड्याच्या पार्टीचं बिल चुकीचं येऊन राह्यलं. कालपासून सॉफ्टवेअरच बिघडलं. आजच्या आज करा.” लिहिणारा खोटं बोलत नाही, त्याचं काम खरंच अडलेलं असतं. पण सपोर्टवाला कॉम्प्युटरवर बसून छिंदवाड्याच्या पार्टीचं बिल बनवतो, त्याच्याकडे ते बरोबर येतं आणि तो उत्तर देतो, “आमच्याकडे नीट चालतंय.” मग दोन दिवस फोनाफोनी. म्हणून हा मेसेज तिकीट, म्हणजे कंपनीकडे नोंदवायची लेखी तक्रार, म्हणून पुढे पाठवण्याआधी दुकानातल्याच कुणीतरी तो नीट तपासायला हवा.

पहिला प्रश्न: चुकीचं म्हणजे नेमकं काय? 1,00,000 रुपयांचं कापड, 5 टक्के जीएसटी. पार्टी मध्य प्रदेशातली, माल तिकडेच पोचवायचा, म्हणजे आयजीएसटी 5,000 लागायला हवा. बिलावर मात्र सीजीएसटी 2,500 आणि एसजीएसटी 2,500 लागलेत. एकूण दोन्हीकडे 1,05,000च. त्यामुळे काउंटरवर कुणाच्या लक्षात येत नाही आणि घोळ सापडतो तो रिटर्न भरताना.

दुसरा प्रश्न: केव्हा चुकतं आणि केव्हा नाही? इथे घाई करू नका, तिकिटाचा जीव यातच आहे. आधी पार्टीचा जीएसटी नंबर पाहा. सुरुवातीचे दोन आकडे 23 असतील तर राज्य मध्य प्रदेशच आहे; 27 असतील तर पार्टीची माहितीच चुकीची भरली आहे आणि तिकिटाची गरजच नाही. नंबर बरोबर असेल तर त्याच पार्टीचं कोरं बिल करून पाहा. आपल्या उदाहरणात आयजीएसटी बरोबर आला. मग चुकलेलं बिल कसं बनवलं होतं ते बिल बनवणाऱ्याला विचारा. तो सहज सांगतो, “नागपूरच्या पार्टीचं जुनं बिल कॉपी केलं आणि नाव बदललं.” सापडलं. कॉपी केलेल्या बिलात पार्टी बदलली तरी कर जुनाच राहतो. मालाची ओळ काढून पुन्हा टाकली की तो बदलतो. म्हणजे तोवर काम चालवायची सोयही हाती आली.

आता तिकीट असं लिहा:

“विषय: कॉपी केलेल्या बिलात पार्टीचं राज्य बदलल्यावर आयजीएसटी लागत नाही.

नमस्कार. आवृत्ती 4.2.1, विंडोज 11, दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर.

1. महाराष्ट्रातल्या पार्टीचं जुनं बिल उघडून ‘कॉपी’ दाबलं.
2. पार्टी बदलून मध्य प्रदेशातली निवडली.
3. बाकी काही न बदलता बिल सेव्ह केलं.

अपेक्षित: आयजीएसटी 5,000. प्रत्यक्षात: सीजीएसटी 2,500 + एसजीएसटी 2,500. 5 पैकी 5 वेळा असंच झालं. कोऱ्या बिलात कर बरोबर येतो.

परिणाम: या महिन्यातली 14 बिलं अशी निघाली आहेत. जीएसटीआर-1 ची मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख. सध्या मालाची ओळ पुन्हा टाकून काम चालू आहे. बिलिंग थांबलेलं नाही.

आमचा अंदाज: पार्टी बदलल्यावर कराचा हिशोब पुन्हा होत नसावा. दोन्ही बिलांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. कृपया दुरुस्ती कधीपर्यंत होईल ते कळवावं.”

अंदाज वेगळा का लिहिला ते पाहा. “कालपासून बिघडलं” हाही अंदाजच होता. चूक काल दिसली, सुरू कधी झाली कुणालाच ठाऊक नव्हतं. असा अंदाज घटना म्हणून लिहिला की कंपनीचा माणूस कालचे बदल शोधत बसतो.

“बिलिंग थांबलेलं नाही” हे लिहायला लोक कचरतात, आपलं तिकीट मागे पडेल म्हणून. पण प्रत्येक तिकिटावर ‘अतितातडीचं’ लिहिणाऱ्याचं खरंच बिलिंग बंद पडतं, तेव्हा त्याच्याकडे वेगळा शब्द उरत नाही. 11 तारीख आणि 14 बिलं यातून घाई पुरेशी कळते. स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनचा घ्या, मोबाइलने काढलेला तिरपा फोटो नको, आणि पार्टीचा फोन नंबर झाकून टाका. प्रिंटरचीही तक्रार असेल तर तिचं तिकीट वेगळं. एकात दोन घातल्या की एक सुटली तरी तिकीट बंद होतं.

“दुरुस्त झालं” असा निरोप आला की त्याच तीन पायऱ्या पुन्हा करा आणि उलटही करून पाहा: छिंदवाड्याचं बिल कॉपी करून नागपूरची पार्टी टाका, सीजीएसटी-एसजीएसटी यायला हवा. आधीची 14 बिलं मात्र या दुरुस्तीने आपोआप सुधारतीलच असं नाही. त्यांचं काय करायचं ते सीएंना विचारून, 11 तारखेच्या आत ठरवा.