रेवन बाई होती की बुवा?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय एका जुन्या गेमबद्दल, नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक, बायोवेअरचा, २००३ चा, स्टार वॉर्सच्या जगातला, आणि त्यातल्या रेवन या पात्राबद्दल. स्पॉइलर येणार बरं का, पण गेम वीस वर्षांहून जुना आहे त्यामुळे माफी मागत नाही.

तर या गेममध्ये तुमच्या कॅरेक्टरच्या पानावर एक पट्टी असते, शून्य ते शंभर, आणि सुरुवातीला तुम्ही बरोब्बर मध्ये, पन्नासवर. चांगलं वागलात की वर, लाइट साइडला, वाईट वागलात की खाली, डार्क साइडला. नुसता आकडा नाही हा, खाली गेलात तर चेहरा पांढुरका पडतो, डोळे बदलतात, आणि वीज सोडण्यासारख्या डार्क पॉवर्स स्वस्त पडतात तर जखम भरायची पॉवर महाग होते, म्हणजे मधे लटकत राहणाऱ्याला फायदा कशातच नाही, गेम तुम्हाला एका टोकाकडे ढकलतोच.

आता गंमत बघा. पहिला ग्रह टारिस. तिथे खालच्या वस्तीत एक रोग आहे, माणसाचा राक्षस करणारा, आणि तुम्हाला त्याचं औषध सापडतं. ते भल्या डॉक्टरला दिलंत तर तो सगळ्यांना वाटणार, गुंडांच्या माणसाला विकलंत तर पैसे जास्त. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा डॉक्टरला दिलं आणि जाम बरं वाटलं. मग तासा-दोन तासांत मलाक, म्हणजे व्हिलन, वरून बॉम्ब टाकून अख्खा ग्रहच भाजून काढतो. डॉक्टर, गुंड, रोगी, सगळे गेले. विकलं असतं तरी हेच झालं असतं! टारिसचं भविष्य तुमच्या हातात नव्हतंच, हलली ती फक्त तुमची पट्टी. बऱ्याच आरपीजींमध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेम्समध्ये, असंच असतं कारण प्रत्येक निवडीसाठी वेगळा ग्रह बनवायचा तर कंपनीचं दिवाळं निघेल, पण इथे निदान लेखकांनी ते कथेतच मुरवलंय.

पुढे कळतं की तुम्ही साधे सैनिक नाहीच, तुम्ही स्वतःच डार्थ रेवन, मलाकचा जुना गुरू, आणि जेडाय कौन्सिलने तुमची स्मृती पुसून नवी ओळख चिकटवलेली. इथे सगळा मागचा हिशोब उलटा वाचावा लागतो. जी कॅरेक्टर शीट तुम्ही पहिल्या स्क्रीनवर हौसेने भरली, बाई की बुवा इथपासून, ती कौन्सिलने रेवनला दिलेली खोटी ओळख होती, आणि तुमच्याआधी रेवनने काय केलं ते तर ठरलेलंच आहे, ते तुम्ही बदलू शकत नाही. पण पट्टी मात्र पन्नासवरूनच सुरू झाली होती. स्मृतीबरोबर पापंही पुसली का? मला अजून हे खटकतं आणि आवडतंही.

शेवट ठरतो तो राकाटा या प्राचीन जमातीच्या देवळाच्या माथ्यावर, डार्क साइडला गेलेली तुमची साथीदार बॅस्टिला विचारते माझ्याबरोबर येतोस का. इथे आधीची पुण्याई आडवी येत नाही, शंभरवर असलात तरी हो म्हणू शकता. हो म्हटलं की तुमचे जेडाय साथीदार जोली आणि जुहानी तुमच्यावर उलटतात आणि त्यांना मारावं लागतं, आणि मग मिशन नावाची तुमच्याच टोळीतली कोवळी पोरगी विरोध करते तेव्हा तिच्याच जिवलग झालबारकडून तिला मारून घ्यायचा ऑप्शन येतो. मी तो एकदाच दाबला. परत नाही.

मग प्रश्न उरला, सीक्वेल काढायचा तर कुठला शेवट खरा धरायचा? २००४ मध्ये दुसरा भाग काढणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीने भारी जुगाड केला. सुरुवातीलाच पेरागसच्या खाणीत अ‍ॅटन नावाचा माणूस पिंजऱ्यात अडकलाय, आणि त्याच्याशी गप्पा मारताना रेवनचा विषय निघतो, तुम्ही म्हणायचं अरे तो नाही, ती होती, किंवा ती सुधारली नव्हती रे. बस्स, गप्पांमध्येच इतिहास लिहिला गेला! लाइट म्हणालात तर पुढे ॲडमिरल म्हणून पहिल्या भागातला साथीदार कार्थ भेटतो, डार्क म्हणालात तर त्याच्या जागी सीड नावाचा कोणी दुसराच.

पण हे गेमपुरतं. २०११ मध्ये रेवनवर कादंबरी आली, लिहिणारे ड्रू कार्पिशिन, पहिल्या गेमचेच प्रमुख लेखक, आणि त्यांनी रेवन पुरुष केला, लाइट साइडचा, बॅस्टिलाचा नवरा. त्याच वर्षीच्या ऑनलाइन गेमनेही हाच पुरुष रेवन धरला. सगळ्यांच्या सेव्ह फाईल्स एका फटक्यात बिनकामाच्या. पुढे २०१४ मध्ये ही जुनी पुस्तकं आणि गेम्स लेजंड्स म्हणून अधिकृत कथेतून बाजूला काढले, म्हणजे तो अधिकृत रेवनही आता तितकाच अधिकृत जितका माझा.

माझी रेवन बाई होती, डार्क साइडची. गेल्या महिन्यात परत दुसरा भाग लावला, पिंजऱ्यात अ‍ॅटन, विषय निघाला, आणि मी ठणकावून सांगितलं, तो नाही रे बाबा, ती.