सकाळी बोट अडकतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मी हाताच्या विकारांवर उपचार आणि शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे. आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे ते नेमकं कुठे असतं, हे आधी तुमच्याच हातावर पाहू. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका. बाकीच्यांनी डावा तळहात वर करून समोर धरावा. बोटांच्या खाली तळहातावर ज्या आडव्या रेषा दिसतात, त्यातली बोटांच्या सर्वात जवळची रेषा शोधा. हात बघणारे तिला हृदयरेषा म्हणतात. अनामिकेच्या, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटाच्या सरळ रेषेत खाली या आणि त्या रेषेवर उजव्या हाताचा अंगठा जरा दाबून ठेवा. आता डावी अनामिका सावकाश मिटा आणि उघडा. अंगठ्याखाली काहीतरी पुढे-मागे सरकल्यासारखं वाटेल. ती बोट मिटवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. काहीच दुखलं नाही आणि सरकणं गुळगुळीत वाटलं, तर तुमचं बोट ठीक आहे. तिथे दाबल्यावर ठणका लागला, छोटी गाठ लागली, किंवा बोट उघडताना ‘टक्’ करून झटका बसला, तर पुढचं बोलणं तुमच्यासाठी आहे. या आजाराला ट्रिगर फिंगर म्हणतात.

बहुतेक पेशंट मला तळहात दाखवत नाहीत, बोटाचं मधलं पेर दाखवतात. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. वय चोपन्न, आठ-नऊ वर्षांपासून मधुमेह. म्हणाल्या, “डॉक्टर, माझ्या बोटाचा सांधा निसटतोय. सकाळी उठले की बोट मिटलेलंच असतं. दुसऱ्या हातानं उघडावं लागतं, आणि उघडताना अगदी जीव जातो. दुपारपर्यंत जरा मोकळं होतं.” बोट उजव्या हाताची अनामिका. पिशवीत बोटाचा एक्स-रे होता, कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. कुणीतरी तेल लावून पेर दोन-तीनदा ओढून दिलं होतं आणि त्यानंतर दुखणं वाढलं होतं. एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं आणि ते साहजिक होतं, कारण हाड आणि सांधा दोन्ही चांगले होते. मी हृदयरेषेवर अंगठा ठेवून दाबलं, तसा त्यांनी हात मागेच ओढला. “इथे कसं काय दुखतं? इथे तर मला काही झालंच नाही!”

बोट मिटवणारे स्नायू बोटात नसतात, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. त्यांच्या लांब कंडरा मनगटातून, तळहातातून बोटाच्या टोकाकडे जातात. बोट वाकलं तरी कंडरा हाडाला धरून राहावी म्हणून वाटेत चिवट कड्या असतात. पहिली कडी बोटाच्या मुळाशी, तळहातातच असते, आणि मूठ घट्ट आवळली की तिच्या काठावर बराच ताण येतो. ही कडी जाड झाली की आतली वाट अरुंद होते, आणि तिथे घासून घासून कंडराही फुगते. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना तिला गाठ पडली की काय होतं, ते त्या बाईंना मी वेगळं सांगायची गरजच पडली नाही. ओढली तर जोर करून गाठ आत जाते, परत काढताना मात्र अडते. मिटवणारे स्नायू ताकदीचे असतात, ते फुगीर भाग कडीतून ओढून नेतात. उघडणारे स्नायू त्यामानानं नाजूक, त्यांना तो परत काढता येत नाही. आपण जोर लावला की तो एकदम सुटतो आणि मधलं पेर झटक्यानं सरळ होतं. उडी पेरानं मारलेली दिसते म्हणून माणसाला दोष पेरातच वाटतो.

सकाळीच का? झोपेत आपली बोटं अर्धवट मिटलेली असतात आणि तासन् तास हलत नाहीत. कंडरेभोवतीच्या आवरणात सूज साचते. हात चालू लागला की ती ओसरते आणि बोट सुटं होतं. म्हणून कित्येक जण संध्याकाळी दवाखान्यात येतात तेव्हा बोट अडकवून दाखवूच शकत नाहीत. काळजी करू नका, डॉक्टरांना सकाळी काय होतं ते नीट सांगा आणि तळहातावरची दुखरी जागा दाखवा. तपासणीसाठी एवढं पुरतं. एमआरआय वगैरे लागत नाही.

या बाईंच्या आजारात दोन गोष्टी होत्या. एक, कापड कापायची जड कात्री. तिची खालची कडी दिवसभर अनामिकेच्या मुळाशी दाबत होती. दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, मधुमेह. मधुमेहात हा त्रास इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो, अनेकदा एकापेक्षा जास्त बोटांत होतो, आणि उपचारांना दाद कमी देतो. रक्तातली साखर जास्त दिवस जास्त राहिली की कडी आणि कंडरा यांच्यातलं कोलॅजन नावाचं प्रथिन कडक होत जातं. म्हणून दोन-तीन बोटं अडकताहेत असा पेशंट आला की मी त्याची साखर आणि थायरॉइड तपासायला सांगते, मग त्याला मधुमेह आहे हे माहीत असो वा नसो. ते तुम्हीही मागून घ्या.

उपचारांत आधी काय केलं ते सांगते. कात्रीचं काम थांबवा असं मी म्हटलं नाही, त्यांचं पोट त्यावर होतं. जाडसर कापडाची पट्टी कात्रीच्या कडीला गुंडाळायला सांगितली, एकावर एक चार थर कापायचे ते दोन करायला सांगितले, आणि रात्री बोटाला स्प्लिंट दिला. स्प्लिंटचं काम एवढंच की झोपेत बोट मिटू द्यायचं नाही, म्हणजे फुगीर भाग कडीत जाऊन अडकणार नाही. तो किमान सहा आठवडे रोज रात्री घालावा लागतो. चार रात्री घालून सोडून दिला तर उपयोग नाही. सकाळी कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटं धरायचा आणि बोट पाण्यातच हळूहळू उघडायचं. मधुमेहामुळे हातांची जाणीव कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. बोट सुटतंय का हे बघायला दिवसभर ते टकटक वाजवत बसायचं नाही. पुष्कळ जणांना ही सवय लागते, आणि प्रत्येक झटक्याला कंडरा कडीवर पुन्हा घासते.

नुसतं दुखत असेल किंवा कधीतरी अडकत असेल, तर एवढ्यानं बऱ्याच जणांचं भागतं. या बाईंचं बोट रोज दुसऱ्या हातानं उघडावं लागत होतं. सहा आठवड्यांनी दुखणं कमी झालं, अडकणं गेलं नाही. मग इंजेक्शन दिलं.

स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून हे नीट सांगते. औषध अगदी थोडं असतं आणि ते त्या कडीपाशी, कंडरेच्या आवरणात दिलं जातं. पहिले एक-दोन दिवस तळहात जास्त दुखू शकतो. गुण यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करून ‘काही फरक नाही’ म्हणू नका. मधुमेह नसलेल्या निम्म्याहून जास्त लोकांचं काम एका इंजेक्शनमध्ये होतं. मधुमेहींत हे प्रमाण कमी आहे, शिवाय इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. बाईंना मी सांगितलं होतं, आठवडाभर घरच्या ग्लुकोमीटरवर रोज साखर बघा आणि तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवून ठेवा. तिसऱ्या दिवशीपर्यंत साखर चढलेली होती, मग उतरली. इंजेक्शनच्या जागी त्वचा फिकट पडू शकते, तीही बहुधा हळूहळू पूर्ववत होते. एकाच बोटात वारंवार इंजेक्शनं मात्र घेऊ नयेत. दोन झाली आणि त्रास परत आला, तर मी तिसऱ्याचा आग्रह धरत नाही.

त्यांना चार-पाच महिने छान गेले. दिवाळीच्या गर्दीत दिवस-रात्र काम झालं आणि बोट पुन्हा अडकायला लागलं. त्यांनी शस्त्रक्रिया निवडली, आणि मलाही ते पटलं. आधी साखर आटोक्यात आणली, कारण साखर वाढलेली असताना जखम चिघळते. इंजेक्शन आणि ऑपरेशन यांच्यात तीन महिन्यांचं अंतर हवं, तेही होतं.

ऑपरेशन छोटं असतं. फक्त तेवढी जागा बधिर करतात, पेशंट जागा असतो. तळहातावर साधारण एक ते दीड सेंटिमीटरची चीर, आतली ती पहिली कडी लांबीत कापून मोकळी करायची. बाईंना मी टेबलावरच सांगितलं, “मूठ मिटा. आता उघडा.” बोट न अडता उघडलं. ‘टक्’ आलं नाही हे कळल्यावर त्यांनी आपण होऊन पुन्हा पुन्हा मूठ मिटून पाहिली. कडी कापल्यानं ताकद जाईल का, हा प्रश्न नेहमी येतो. पुढच्या कड्या शाबूत असतात आणि कंडरा धरून ठेवायचं मुख्य काम त्या करतात. म्हणूनच सर्जनला कुठे थांबायचं ते नेमकं माहीत असावं लागतं. अंगठ्यात तर जाणिवेची नस अगदी जवळून जाते, तिथे आणखी सांभाळावं लागतं. रुमॅटॉइड संधिवात असेल, तर ही कडी कापण्याऐवजी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागू शकते, म्हणून तो आहे का ते आधी सांगा.

बोट त्याच दिवसापासून हलवायचं. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. व्रणाची जागा काही आठवडे दुखरी राहते. पोळी लाटताना, स्कूटरची मूठ धरताना जाणवते. फार महिने वाकलेलं राहिलेलं बोट असेल तर मधला सांधाच आखडतो. मग कडी मोकळी केली तरी बोट लगेच पूर्ण सरळ होत नाही, फिजिओथेरपी लागते. बोट दुसऱ्या हातानंही सरळ होईनासं झालं असेल, तर म्हणूनच आणखी थांबू नका.

लहान मुलांबद्दल एक सांगायचं राहिलं. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचं टोक वाकलेलंच राहतं, असं कधी आईच्या लक्षात येतं. तोही याच जातीचा त्रास आहे, पण मुलांना इंजेक्शन देत नाहीत. काहींचा अंगठा आपोआप सुटतो, म्हणून काही काळ थांबता येतं. न सुटल्यास शस्त्रक्रिया. तो ओढून सरळ करू नका.

आणि एक प्रसंग असा आहे की ज्यात थांबायचं नाही. बोट पूर्ण सुजलं आहे, लाल आणि गरम आहे, वाकलेलं आहे, आणि जरा सरळ केलं तरी सहन होत नाही. कदाचित आधी काटा, सुई किंवा माशाचं हाड टोचलेलं आहे. हा ट्रिगर फिंगर नाही, कंडरेच्या आवरणात पू झालेला असू शकतो. ताप नसला तरी, मधुमेह असेल तर विशेषच, त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा.