दहा मिनिटं दाबून धरलेला हात

[दृश्य: उसाच्या रानाकडेची वस्ती. सकाळचं ऊन. ओसरीवर धुऊन उभा टेकवलेला कोयता.]

ऑक्टोबर महिना होता. सांगली जिल्ह्यात आमच्याकडे पूर्वहंगामी उसाच्या लागणी चालू होत्या आणि दादा ओसरीसमोर बसून बेणं तोडत होता. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता. बेणं तोडताना डावा हात नेहमीच पात्याच्या वाटेवर असतो. एक कांडं निसटलं आणि कोयता मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला बसला.

रक्त नुसतं ओघळत नव्हतं. लालभडक होतं आणि नाडीच्या ठेक्यावर उडत होतं. रक्त असं उडायला लागलं की धमनी कापली आहे असं समजायचं. पण प्रत्येक जीवघेणा रक्तस्राव उडतोच असं नाही. काही वेळा तो संथ वाहतो, पण थांबत नाही. जमिनीवर थारोळं साचतं, बाही किंवा पायजमा भिजून जड होतो. यातलं काहीही दिसलं तर जखम किती लांब आहे हे बघत बसायचं नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो, आणि मोठी धमनी तुटलेली असेल तर तेवढं जायला काही मिनिटंच लागतात.

दादानं स्वतःच उजव्या हातानं जखम आवळून धरली. त्या सकाळी झालेला हा पहिला उपचार, आणि तो बरोबर होता. त्यानंतर मात्र चूक झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

[दृश्य: पत्र्याचा जुना डबा उघडला जातो. आत गोळ्यांची पाकिटं, बाम, तीन चिकटपट्ट्या.]

मी औषधांचा डबा आणला. त्यात तापाच्या गोळ्या होत्या, बाम होता, मुदत संपलेलं लाल औषध होतं आणि बोटाएवढ्या तीन चिकटपट्ट्या होत्या. वाहतं रक्त थांबवेल असं त्यात काहीच नव्हतं. मग मी ओढणीचा बोळा करून जखमेवर दाबला. मिनिटभरानं थांबलं का म्हणून उचलून पाहिलं, तर पुन्हा चिळकांडी उडाली. पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. असं तीनदा झालं.

या उचलून बघण्यानं काय होतं, ते मला नंतर कळलं. रक्तवाहिनी कापली गेली की रक्तातल्या बारीक पेशी त्या तोंडाशी गोळा होतात आणि एकमेकींना चिकटून बूच बनवतात. त्या बुचावर तंतूंची जाळी विणली जाते, तेव्हा कुठे ते टिकतं. याला मिनिटं लागतात, आणि तोवर आतून येणारा रक्ताचा जोर ते कोवळं बूच उडवून लावत असतो. आपला दाब वाहिनीचं तोंड मिटवून तो जोर अडवून धरतो. हात उचलला की बूच निघून जातं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तीनदा पाहिलं म्हणजे दादाच्या अंगानं तीनदा नव्यानं सुरुवात केली.

तेवढ्यात वहिनी रानातून धावत आली. ती आशा सेविका आहे. "वन्सं, आता हात काढू नका," ती म्हणाली. "घड्याळाकडं बघा, जखमेकडं नको."

[दृश्य: फरशीवर आडवा ठेवलेला हात. त्यावर घडी घातलेलं पांढरं कापड. कापडावर तळहात.]

तिनं जे केलं ते नीट बघा. तिनं दादाला फरशीवर आडवं केलं. जखमी हात फरशीवरच ठेवला, कारण मऊ गादीवर दाब दिला तर तो गादीतच मुरतो. धुतलेल्या धोतराची घट्ट घडी करून ती बरोबर रक्त येत होतं तिथं ठेवली. शेजारी गुडघे टेकले, कोपरं ताठ केली, एका हातावर दुसरा ठेवला आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर खांद्याचा भार दिला. नुसत्या बोटांची ताकद दोन मिनिटांत संपते. अंगाचा भार दहा मिनिटंसुद्धा पुरतो. दादाला दुखत होतं, तो ओरडला. वहिनीनं दाब कमी केला नाही.

घडी थोडी भिजली. तिनं ती न काढता वर दुसरी घडी ठेवली आणि अजून जोर लावला. दुसरीही भराभर भिजली असती तर दाब चुकीच्या जागी पडतोय असं समजायला हवं होतं. अशा वेळी कापडाचा ढीग वाढवत नेला तर दाब पसरतो आणि कमी होतो. सगळं एकदाच बाजूला करायचं, रक्त नेमकं कुठून येतंय ते पाहायचं, आणि ताजं कापड घेऊन तिथंच दाबायचं. हात किंवा पायाची जखम खोल असेल तर गॉज किंवा स्वच्छ कापड थेट रक्त येतंय त्या तळापर्यंत बोटानं ठासून भरायचं आणि मग वरून दाबायचं. छाती आणि पोटात मात्र असं काही भरायचं नाही. काच, खिळा किंवा पातं रुतून बसलं असेल तर ते उपसायचं नाही. त्यानंच वाट बुजवलेली असू शकते. त्याच्या दोन्ही कडांनी दाबायचं.

शेजारचे आबा जनावराचं नायलॉनचं दावं घेऊन आले होते. दंडाला बांधू म्हणाले. वहिनी म्हणाली, "आबा, दावं नको. तेवढं १०८ ला लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा."

दोरी बांधण्याची ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. शिरा वरवर असतात, त्यांच्यात जोर कमी असतो, म्हणून दोरीनं आधी त्याच आवळल्या जातात. धमनी खोल असते आणि ती वाहतच राहते. हातात रक्त येत राहतं, परत जायची वाट बंद होते, आणि जखम आणखी जोरानं वाहू लागते. शिवाय बारीक दोरी कातडीखालचे मज्जातंतू चिरडते. धमनी आवळण्यासाठी खास रुंद पट्टा मिळतो, त्याला टूर्निके म्हणतात. हात किंवा पाय दाबूनही रक्त थांबत नसेल, माणूस हातचा जातोय असं दिसत असेल, तर तो जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून बांधतात. रक्त थांबेपर्यंत पीळ देतात, वेळ लिहून ठेवतात आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सैल करत नाहीत. तो वापरायला आधी शिकावं लागतं. आमच्याकडे त्याची गरज पडली नाही.

आजीनं हळदीचा डबा आणला होता. हळद, चहापूड, कॉफी, तंबाखू, राख यांतलं काहीही अशा जखमेत घालू नका. धमनीचा जोर त्यानं अडत नाही. आणि पुढे डॉक्टरांना नस शोधायच्या आधी ते सगळं धुऊन काढत बसावं लागतं.

[दृश्य: फाट्यावर उभा मुलगा, हातात लाल टॉवेल. लांबून रुग्णवाहिका.]

महाराष्ट्रात १०८ ची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. आबांनी गाव आणि तालुका सांगितला, पण वस्ती नकाशावर सापडेना. मग वहिनीनं दाबता दाबताच सांगितलं, पाण्याच्या टाकीपासून डावीकडं, कॅनॉलच्या पुलाअलीकडं. आणि पुतण्याला फाट्यावर उभं केलं. गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. वस्तीवर एवढा वेळ धरूनच चालायचं. गाडी फारच लांब असेल आणि दारात जीप असेल, तर जीपनं निघावं, पण एकानं मागच्या सीटवर बसून दाबतच राहायचं.

त्या पंचवीस मिनिटांत दहाव्या मिनिटाला वहिनी दमली. तिनं हात काढायच्या आधी मी माझा हात तिच्या हातावर ठेवला, मग तिनं खालून सरकवून घेतला. दाब क्षणभरही सुटला नाही. रक्त थांबल्यासारखं वाटलं तेव्हा घडी जागेवरच ठेवून तिनं वरून क्रेपची पट्टी घट्ट गुंडाळली आणि बोटांची टोकं उघडी ठेवली. ती निळसर, गार पडली किंवा बधिर झाली तर पट्टी जराशी सैल करायची, पण खालची घडी हलवायची नाही.

दादाला तहान लागली होती. शेजारच्या बायका पाणी पाजा म्हणत होत्या. आम्ही फक्त ओठ ओले केले, कारण पुढे भूल द्यावी लागणार होती. अंगावर वाकळ घातली, कारण गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. वहिनी त्याच्याशी सतत बोलत होती आणि त्याच्या उत्तरांकडे लक्ष ठेवून होती. गार घाम, पांढुरके ओठ, जलद पण क्षीण नाडी, अस्वस्थपणा आणि मग असंबद्ध बोलणं या क्रमानं माणूस खचत जातो. घरातलं कुणी हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर दाब दहा मिनिटांहून बराच जास्त वेळ ठेवावा लागतो. ते १०८ लाही आधीच सांगायचं.

[दृश्य: नवा डबा. एकेक वस्तू बाहेर येते.]

हा आमचा आताचा डबा. हाताला जे आधी लागतं ते वर. सगळ्यात वर हातमोज्यांच्या चार जोड्या. मोजे नसतील तर दुधाची धुतलेली पिशवीही हातावर चालते. त्याखाली दहा सेंटिमीटर चौकोनाची निर्जंतुक गॉजची पाकिटं, निदान दहा. मग जुन्या सुती धोतराच्या धुऊन इस्त्री केलेल्या सहा घड्या, हवाबंद पिशवीत. आम्ही सर्वांत जास्त भरवसा यावरच ठेवतो. चार रोलर बँडेज, दोन क्रेप, दोन त्रिकोणी पट्ट्या, बोथट टोकाची कात्री. कपडे डोक्यावरून ओढायचे नाहीत, कापायचे. चिकटपट्टी, टॉर्च, मार्कर पेन.

कापूस मी मुद्दाम ठेवला नाही. त्याचे तंतू जखमेत चिकटतात. सॅनिटरी पॅड बरेच जण सुचवतात. ते रक्त शोषून घेतं, पण दाब देत नाही, आणि किती रक्त गेलं ते लपवतं. दुसरं काहीच नसेल तर ते धरा, पण त्यावर तळहाताचा जोर हवाच.

तापाच्या गोळ्या वेगळ्या डब्यात गेल्या. घाईत त्यांतून हात चाळवत बसावं लागू नये म्हणून. झाकणाच्या आत घरातल्या प्रत्येकाची रोजची औषधं आणि वस्तीचा पत्ता लिहून चिकटवलाय, टाकी आणि कॅनॉलसकट. डबा ओसरीत खुंटीवर असतो, कुलूप नाही, आणि सात वर्षांच्या पुतणीला तो काढता येतो. खंडेनवमीला कोयत्याची पूजा होते, त्याच दिवशी आम्ही डबा उपसून मुदती बघतो. पाडव्याला पुन्हा एकदा.

[दृश्य: दादाचा हात. मनगटावर पांढरा वण. बोटं हळूहळू मिटतात.]

दादाची धमनी आणि स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोन कंडरा शिवाव्या लागल्या. धनुर्वाताचं इंजेक्शनही त्याच दिवशी झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून पूर्ण मिटत नाही. आता बेणं तोडताना तो ऊस हातात धरत नाही. लाकडाच्या ओंडक्यावर खाच केली आहे, कांडं तिच्यात अडकवतो आणि मग कोयता उचलतो.